आत ठेवण्याची गरज काय?

तालुक्याच्या गावात खत-बियाण्यांचं एक दुकान आहे असं समजा. तिथे दहा-बारा वर्षं हिशेब सांभाळणारा एक कारकून. एके दिवशी मालक पोलीस ठाण्यात फिर्याद देतो की याने शेतकऱ्यांकडची उधारी वसूल केली, त्यांना पावत्या फाडून दिल्या, पण १४ लाख रुपये दुकानात जमाच केले नाहीत. कारकुनाचं म्हणणं वेगळं. रोखीचा व्यवहार वहीत न घेण्याची पद्धत मालकाचीच, पैसे मी त्यांच्या हातात देत आलो. दोघांत खरं कोण बोलतंय हे खटल्यात ठरेल, आणि तो निकाल काही वर्षं लांब असू शकतो. तोवर हा माणूस घरी झोपणार की कोठडीत, याचा निर्णय मात्र येत्या काही दिवसांत व्हायचा आहे.

कारकून मी रचलेला आहे. त्याच्या वाटेत येणारी कलमं आणि निवाडे खरे आहेत. त्याच्या मागोमाग गेलं की अटकपूर्व जामीन, रिमांड आणि जामीन या तिन्ही गोष्टी ज्या क्रमाने माणसाच्या आयुष्यात येतात त्याच क्रमाने समजतात.

अशा वेळी घरच्यांची पहिली चूक ठरलेली असते. वकिलासमोर बसले की ते तास-तास सांगत राहतात, आमचा माणूस तसा नाही, त्याने काही केलेलं नाही. वकील मान डोलावतात आणि विचारतात, ‘कलम कोणतं लावलंय?’ घरच्यांना हा माणूस कोरडा वाटतो. पण या टप्प्यावर कोर्ट गुन्हा केला का हे ठरवत नसतं. खटला चालेपर्यंत याला आत ठेवण्याची गरज आहे का, एवढंच ते बघतं. आणि त्याचं उत्तर बऱ्याच अंशी कलमात आणि तारखांत दडलेलं असतं.

मालकाच्या फिर्यादीवर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६(४) लागलं, म्हणजे नोकराने केलेला विश्वासघात. जास्तीत जास्त शिक्षा सात वर्षं. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, आणि अजामीनपात्र आहे. ‘अजामीनपात्र’ या शब्दाने लोक उगाच हादरतात. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो, तो पोलीस ठाण्यातही मिळतो. अजामीनपात्र गुन्ह्यातही जामीन मिळतो, पण तो द्यायचा की नाही हे न्यायाधीश ठरवतात. फरक एवढाच.

सात वर्षांच्या आकड्याला एक महत्त्व आहे. २०१४ साली अर्नेश कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात अटक आपोआप होता कामा नये. अटक का आवश्यक आहे याची कारणं पोलिसांनी लेखी नोंदवली पाहिजेत. ती नसतील तर आरोपीला हजर राहण्याची नोटीस द्यायची. आधी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४१अ खाली निघे. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ने घेतली आहे. नोटिशीप्रमाणे माणूस चौकशीला जात राहिला तर सहसा त्याला अटक करता येत नाही. करायची झाली तर पुन्हा लेखी कारणं हवीत. ही नोटीस रीतसर हातात मिळाली पाहिजे, व्हॉट्सअॅपवर पाठवून चालणार नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. प्रत्यक्षात आपल्याकडे काय होतं? फोन येतो. ‘साहेबांनी बोलावलंय, जरा येऊन जा.’ कारकुनालाही तसाच फोन आला.

तो ठाण्यात न जाता जिल्ह्याच्या गावी वकिलाकडे गेला. वकिलांनी पोलिसांच्या संकेतस्थळावरून एफआयआर काढली. संवेदनशील गुन्हे सोडले तर ती चोवीस तासांत तिथे टाकावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. मग सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज तयार झाला. असा अर्ज सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयातच करता येतो, तालुक्याच्या दंडाधिकाऱ्यांना तो अधिकार नाही.

अटकपूर्व जामीन म्हणजे पोलिसांना दिलेला एक आदेश. या माणसाला या गुन्ह्यात अटक केलीच, तर अमुक रकमेच्या जातमुचलक्यावर आणि जामीनदारावर लगेच सोडून द्या. चौकशी त्याने टळत नाही. उलट बोलावलं की हजर राहण्याची अट जवळपास नेहमीच असते. ही सोय इंग्रजांच्या काळात नव्हती. विधी आयोगाच्या शिफारशीवरून ती १९७३ च्या संहितेत आली. राजकीय वैरातून किंवा केवळ अब्रू घालवण्यासाठी अटक घडवून आणली जाते, हे तिच्यामागचं कारण. १९८० साली गुरबक्षसिंग सिब्बिया खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तिची चौकट घालून दिली. तो निकाल सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी लिहिला. एफआयआर दाखल झालेली नसली तरी अर्ज करता येतो, पण भीती खरी आणि नेमकी हवी. ‘माझ्यावर कधीही, कोणताही गुन्हा दाखल झाला तरी संरक्षण द्या’ असा सरसकट आदेश मिळत नाही. असा जामीन काही आठवड्यांपुरताच असतो का, यावर पुढे चाळीस वर्षं उलटसुलट निकाल येत राहिले. २०२० मध्ये सुशीला अगरवाल खटल्यात घटनापीठाने तो वाद मिटवला. कोर्टाने खास कारणाने मुदत घातली नसेल तर तो खटला संपेपर्यंत चालू राहतो.

सगळ्यांना हे दार उघडं नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालच्या गुन्ह्यात आणि अल्पवयीन मुलींवरच्या बलात्काराच्या काही गुन्ह्यांत कायद्यानेच अटकपूर्व जामीन नाकारला आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या बाबतीत, प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर तेवढा अपवाद होतो. मोक्कातही ही वाट बंद आहे.

अर्ज दाखल झाला की सरकारी वकिलांना नोटीस जाते. पोलिसांनी आपलं लेखी म्हणणं द्यायचं असतं. कोर्टाच्या बोलीत त्याला ‘से’ म्हणतात. ‘से’ यायला चार-आठ दिवस जातात आणि खरा धोका त्या दिवसांत असतो. अर्ज दाखल झाला म्हणजे अटक थांबली, असं अनेकांना वाटतं. तसं अजिबात नाही. न्यायाधीशांनी ‘पुढील तारखेपर्यंत अटक करू नये’ असं अंतरिम संरक्षण दिलं तरच पोलिसांचे हात थांबतात. आपल्या कारकुनाला ते मिळालं नाही. ‘से’ आल्यावर पाहू, असं म्हणून न्यायाधीशांनी ६ मार्चची तारीख दिली. ३ मार्चला संध्याकाळी सात वाजता पोलिसांनी त्याला मेहुण्याच्या घरून उचललं. अटक झाली आणि अर्ज तिथेच निरर्थक ठरला, कारण अटकपूर्व जामीन अटकेनंतर मिळत नाही.

आता घड्याळ चालू होतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ प्रमाणे प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावंच लागतं. म्हणजे ४ मार्चच्या संध्याकाळी सातपर्यंत. मेख असते ती अटकेच्या वेळेत. माणसाला दुपारपासून ‘चौकशीसाठी’ बसवून ठेवायचं आणि स्टेशन डायरीत अटक रात्रीची दाखवायची, हा प्रकार नवा नाही. म्हणून नेलं कधी, कुठून, कोणासमोर, याची नोंद घरच्यांनी त्याच वेळी करून ठेवावी. ठाण्याचा सीसीटीव्ही आणि मोबाइलचं लोकेशन पुढे उपयोगी पडतं.

आणखी एक कागद मागून घ्यायचा असतो. अटक का केली याची कारणं लेखी, आरोपीला समजणाऱ्या भाषेत, त्याला दिली पाहिजेत. वरळीच्या अपघात प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या मिहिर शहा खटल्यात नोव्हेंबर २०२५ मध्ये हे सर्व गुन्ह्यांसाठी स्पष्ट झालं. ताबडतोब लेखी देणं शक्य नसेल तर तोंडी सांगावं, पण रिमांडसाठी उभं करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. नाहीतर अटक आणि त्यापुढचा रिमांड दोन्ही बेकायदा ठरू शकतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारकुनाला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं केलं. हाच पहिला रिमांड. सुनावणी पाच-दहा मिनिटांची, पण पुढची दिशा इथेच ठरते. दंडाधिकारी विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे?’ मारहाण झाली असेल तर सांगायची जागा ही. मागे पोलीस उभे असल्यामुळे बहुतेक जण नाही म्हणतात आणि पुढे जामिनाच्या अर्जात मारहाणीचा उल्लेख करतात, तेव्हा त्याला फारसं वजन उरलेलं नसतं. वकील नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. २०१२ च्या कसाब निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की वकिलाचा हक्क आहे हे पहिल्यांदा समोर आणलेल्या आरोपीला सांगणं ही दंडाधिकाऱ्यांची जबाबदारी आहे.

तपासी अंमलदाराच्या रिमांड रिपोर्टमध्ये कारणं लिहिलेली असतात. मुद्देमाल हस्तगत करणे आहे, साथीदार निष्पन्न करणे आहे, आरोपीने आणखी कोठे असे गुन्हे केले आहेत काय याचा तपास करणे आहे. चोरी असो, अपहार असो, शब्द तेच. चांगला वकील इथे एकेक कारण घेऊन विचारतो, पावतीपुस्तकं तर मालकाने फिर्यादीसोबतच दिली आहेत, मग माणसाकडून हस्तगत काय करायचंय? बँकेचे उतारे बँकेकडून मिळतील, त्यासाठी कोठडी कशाला? पोलिसांनी सात दिवस मागितले होते. दंडाधिकाऱ्यांनी चार दिले, ७ मार्चपर्यंत.

वर्तमानपत्रात बातमी आली, ‘आरोपीस चार दिवसांची पोलीस कोठडी’. गावाने ती शिक्षा झाल्यासारखी वाचली. कोठडी तपासासाठी असते, निदान कायद्यात तरी. पोलीस कोठडीत, म्हणजे वकील मंडळींच्या भाषेत ‘पीसीआर’मध्ये, आरोपी ठाण्याच्या लॉकअपमध्ये तपासी अंमलदाराच्या ताब्यात असतो. न्यायालयीन कोठडीत, ‘एमसीआर’मध्ये, तो कारागृहात असतो आणि पोलिसांना तिथे त्याची चौकशी करायची तर कोर्टाची परवानगी लागते. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. मात्र आरोपीने सांगितलं आणि त्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग पुरावा होतो. पंचांसमोर निवेदन, मग त्या जागी जाऊन पंचनामा. पोलीस कोठडीची सगळी ओढ या कागदासाठी असते, आणि मारहाणीची भीतीही याच दिवसांत.

एकूण पोलीस कोठडी पंधरा दिवसांपेक्षा जास्त नाही. जुन्या कायद्यात हे पंधरा दिवस अटकेनंतरच्या पहिल्या पंधरवड्यातच संपवावे लागत. १९९२ च्या अनुपम कुलकर्णी निकालाने तो नियम पक्का झाला होता. एकदा पंधरवडा उलटला आणि माणूस कारागृहात गेला की पुन्हा लॉकअप नाही, हा मोठा दिलासा होता. नव्या संहितेच्या कलम १८७ ने तो काढून घेतला. आता तेच पंधरा दिवस तुकड्या-तुकड्यांनी मागता येतात, साठ दिवसांच्या गुन्ह्यात पहिल्या चाळीस दिवसांत आणि नव्वदच्या गुन्ह्यात पहिल्या साठ दिवसांत. आपल्या कारकुनाचे चार दिवस गेले, अकरा शिल्लक राहिले. ते अकरा दिवस १२ एप्रिलपर्यंत कधीही मागितले जाऊ शकतात. मला हा बदल घातक वाटतो. तपासाला लवचिकता हवी हे पोलिसांचं म्हणणं समजू शकतं, पण कारागृहात बसलेल्या माणसावर पुन्हा लॉकअपची टांगती तलवार ठेवून मिळणारं सहकार्य कोणत्या जातीचं असेल, हे वेगळं सांगायला नको. निदान संहितेने कलम ४८० मध्ये एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे. पहिल्या पंधरा दिवसांनंतर पोलीस कोठडी लागू शकते, एवढ्याच कारणासाठी जामीन नाकारता येणार नाही. शिल्लक दिवस दाखवून कोणी जामिनाला विरोध करू लागलं, तर हे वाक्य वाचून दाखवायचं.

७ मार्चला पोलिसांनी आणखी तीन दिवस मागितले. नवीन कारण नव्हतं, म्हणून दंडाधिकाऱ्यांनी न्यायालयीन कोठडी दिली आणि कारकून जिल्हा कारागृहात गेला. वकिलांनी त्याच दिवशी नियमित जामिनाचा अर्ज दिला.

जामिनाच्या अर्जावर मुख्यतः तीन गोष्टी पाहतात. आरोपी पळून जाईल का, पुरावा नष्ट करील का, साक्षीदारांवर दबाव आणील का. त्याशिवाय आरोप किती गंभीर, प्रथमदर्शनी पुरावा काय, आधीचे गुन्हे आहेत का, हेही पाहतात. गावात घर, शेत, शिकणारी मुलं असलेल्या माणसाबद्दल पहिलं उत्तर सोपं असतं. पण शेवटी हा न्यायाधीशाचा विवेक, आणि विवेक माणसागणिक बदलतो. लोकमान्य टिळकांना १८९७ साली राजद्रोहाखाली अटक झाली तेव्हा आधी जामीन नाकारला गेला. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती बद्रुद्दिन तय्यबजींनी तो दिला. टिळकांतर्फे तो अर्ज चालवणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. अकरा वर्षांनी, १९०८ मध्ये, टिळक पुन्हा राजद्रोहाखाली त्याच न्यायालयात आले. जामिनासाठी उभे राहिले बॅरिस्टर जिना, आणि न्यायासनावर होते न्यायमूर्ती दावर. त्यांनी जामीन नाकारला.

अपहाराच्या प्रकरणात आणखी एक समजूत पक्की रुजलेली आहे, की पैसे भरले तर जामीन. फिर्यादी म्हणतो आधी माझी रक्कम द्या, आरोपीचे नातेवाईक दागिने मोडायला निघतात, आणि कोर्टही कधी कधी अशी अट घालतं. सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलं आहे की जामिनाचं कोर्ट वसुलीचं कोर्ट नव्हे. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका अपहाराच्या प्रकरणात आरोपीने रक्कम भरण्याची हमी देऊन जामीन मिळवला आणि नंतर शब्द फिरवला. तेव्हा न्यायालयाने ठरवून दिलं की अशा हमीवर जामीन देऊच नये, अर्जाच्या गुणदोषांवर निर्णय करावा. म्हणून वकिलाने ‘चार लाख भरतो म्हणू या’ असं सुचवलं तर हा निकाल त्यांना दाखवायला हरकत नाही.

कारकुनाचा अर्ज दंडाधिकाऱ्यांनी फेटाळला, तपास अपुरा आहे म्हणून. वकील सत्र न्यायालयात गेले. सुनावणी चालू असतानाच एप्रिलमध्ये पोलिसांनी एक कलम वाढवलं, न्याय संहितेचं ३३८. मौल्यवान दस्तऐवज बनावट करणे, ज्यात पैसे मिळाल्याची खोटी पावतीही येते. शिक्षा जन्मठेपेपर्यंत. सत्र न्यायालयानेही जामीन नाकारला.

त्या एका कलमाने दुसरीही एक गोष्ट झाली. तपास किती दिवसांत संपवायचा याला कायद्याने मर्यादा घातली आहे. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं अथवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात नव्वद दिवस, बाकी गुन्ह्यांत साठ. एवढ्या दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर आरोपीला जामिनावर सोडावंच लागतं, आरोप कितीही गंभीर असो. यालाच डिफॉल्ट बेल म्हणतात. दिवस मोजायचे ते पहिल्या रिमांडच्या तारखेपासून, ती तारीख धरून. हा मोजणीचा घोळ सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कपिल वाधवान यांच्या खटल्यात मिटवला. म्हणजे ४ मार्च हा पहिला दिवस. नुसतं ३१६(४) असतं तर साठावा दिवस २ मे आणि ३ मेपासून सुटकेचा हक्क. ३३८ लागल्यामुळे मुदत १ जूनपर्यंत गेली. मुदत लांबवण्यासाठीच मोठं कलम घुसडलं जातं अशी वकिलांची तक्रार नेहमीची आहे, आणि ते कलम खरोखर लागतं का यावर भांडता येतं. पावत्या बनावट होत्या की खऱ्या पावत्यांचे पैसे जमा झाले नाहीत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी असेल तर ३३८ चा पाया डळमळतो. वकिलांनी ३ मे रोजी या मुद्द्यावर अर्ज केला, पण कोर्टाने तपासात दिसणारं कलम ग्राह्य धरलं.

मग आली २ जून, एक्क्याण्णवावा दिवस. या दिवशी गाफील राहून चालत नाही, कारण हा हक्क मागितल्याशिवाय मिळत नाही. मुदत उलटली, अर्ज केला नाही आणि दरम्यान दोषारोपपत्र दाखल झालं, की हक्क संपला. मग पुन्हा नियमित जामिनाची रांग. अर्ज आधी पडला आणि आरोपी जामीन द्यायला तयार असेल, तर तासाभराने दोषारोपपत्र आलं तरी हक्क जात नाही. उदय आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००१ च्या निकालाने हे ठरवलं, आणि पुढे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या हक्काला थेट जीवित आणि स्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काशी जोडलं. म्हणून वकील त्या दिवशी कोर्ट उघडताच अर्ज देतात आणि अर्ज दिल्याची वेळ लिहून घेतात. आपल्या कारकुनाचा अर्ज सकाळी अकराला पडला. पोलीस दोषारोपपत्र घेऊन दुपारी तीनला आले. अर्ज मंजूर झाला, २५ हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार.

जातमुचलका म्हणजे आरोपीची स्वतःची लेखी हमी, तारखेला आलो नाही तर एवढी रक्कम सरकारजमा. जामीनदार तीच हमी त्याच्या वतीने देतो. आदेश २ जूनला झाला, पण कारकून सुटला आठवडाभराने. जामीनदाराची कागदपत्रं लागली, रेशनकार्ड, सातबारा, तहसीलचा ऐपत दाखला. दाखल्याला दिवस गेले. चुलतभाऊ तयार झाला पण त्याची जमीन शेजारच्या जिल्ह्यात, म्हणून कारकून घोटाळला. यावर १९७८ मधला मोतीराम खटला हातात असावा. मध्य प्रदेशातल्या एका गरीब गवंड्याकडे दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीन मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारलं. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ते झिडकारून त्याला हजार रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडायला सांगितलं. जामीनदार मिळेपर्यंत काही आठवड्यांसाठी रोख रकमेवर सोडा, असा तात्पुरत्या रोख जामिनाचा अर्जही करता येतो. कोर्टं तो बऱ्याचदा मान्य करतात. जामीन होऊनही माणूस महिनाभर सुटला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगून ठेवलं आहे.

याचं कारण आकड्यात दिसतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या कारागृहांत दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही असे. त्यांच्यासाठी कलम ४७९ आहे. त्या गुन्ह्याला असलेल्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला, तर सुटकेचा हक्क मागता येतो. आधी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्याला एक तृतीयांश पुरतो. जन्मठेपेच्या गुन्ह्याला आणि एकाहून जास्त खटले असलेल्याला मात्र हा लाभ नाही.

मोक्का, यूएपीए, अमली पदार्थांचा कायदा आणि मनी लाँडरिंगचा कायदा यांची वाट वेगळी आहे. तिथे जामीन देण्याआधी आरोपीविरुद्ध फारसं काही नाही याची कोर्टाला खात्री पटवावी लागते, आणि काही कायद्यांत दोषारोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवता येते. वर्तमानपत्रात वर्षानुवर्षं आत असलेल्यांबद्दल वाचतो ते बहुतेक या कायद्यांचे आरोपी असतात. कारकुनाच्या गोष्टीवरून त्यांचा अंदाज बांधू नये.

सुटल्यावर काय करायचं ते आदेशात लिहिलेलं असतं. दर सोमवारी ठाण्यात हजेरी, साक्षीदार असलेल्या शेतकऱ्यांशी संपर्क नाही, पत्ता बदलला तर कोर्टाला कळवायचं. शेतकऱ्यांपैकी एखादा रस्त्यात भेटला आणि कारकून सहज म्हणाला, ‘बाबा, तुझी पावती खरी होती ना?’ तरी सरकारी वकील त्यावर जामीन रद्द करण्याचा अर्ज करू शकतात. खटल्याच्या तारखेला गैरहजर राहिला तर अजामीनपात्र वॉरंट निघतं, जामीनदाराला नोटीस जाते आणि जामिनावर सुटून हजर न राहणं हा स्वतंत्र गुन्हा होतो, एक वर्षापर्यंत शिक्षेचा.

दोन-तीन वर्षांनी साक्षी सुरू होतील. मालकाची उलटतपासणी होईल, रोखीची वही कुठे आहे हे विचारलं जाईल, आणि पैसे कोणाकडे गेले हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा कोर्टासमोर नीट येईल. समजा कारकून निर्दोष सुटला. तरी खटला संपण्याआधी कलम ४८१ खाली त्याच्याकडून आणखी एक मुचलका घेतला जातो. सरकारने अपील केलं तर वरच्या कोर्टात हजर राहीन, असा. तो सहा महिने चालतो.